अक्षराची शीव

जालना जिल्ह्याचा त्रिमितीय नकाशा पडद्यावर फिरवताना घनसावंगी तालुक्यात ‘जांब समर्थ’ हे नाव जमिनीच्या वर तरंगत राहायला हवे. कॅमेरा दूर असताना ते इवलेसे असेल आणि जवळ गेल्यावर अर्धा पडदा व्यापेल, पण कडा कायम धारदार हवी. अक्षराचे चित्र साठवून तेच ताणले, तर कडा धूसर होते. फॉन्टमधल्या मूळ वक्ररेषा दर फ्रेमला नव्याने भरायच्या म्हटले, तर शेकडो नावे असलेल्या दृश्यात ते काम फार जड पडते. यातून निघालेली वाट अशी: शाई कुठे आहे ते साठवायचे नाही, शाईची कडा किती लांब आहे ते साठवायचे.

ही कल्पना अक्षरांसाठी जन्मली नव्हती. १९६६ मध्ये अझ्रिएल रोझेनफेल्ड आणि जॉन फाल्ट्झ यांनी अंकीय चित्रातल्या प्रत्येक बिंदूपासून आकाराच्या कडेचे अंतर काढण्याची रीत मांडली. हेतू होता आकार मोजण्याचा, त्याचा सांगाडा काढण्याचा. त्यांचे अंतर पावलांनी मोजलेले होते. सरळ रेषेतल्या अंतराच्या जवळ नेणारी वेगवान रीत १९८० मध्ये पेर-एरिक डॅनियलसन यांनी दिली. २००० मध्ये सारा फ्रिस्केन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अंतरांकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. अंतर हे आता आकाराविषयीचे मोजमाप उरले नाही, तेच आकार साठवण्याचे साधन झाले.

मजकुराला तिचा व्यवहारी उपयोग २००७ मध्ये झाला. व्हॉल्व्ह या खेळ बनवणाऱ्या कंपनीतल्या क्रिस ग्रीन यांनी दाखवले, की ४०९६ × ४०९६ मापाच्या काळ्यापांढऱ्या चित्रावरून काढलेला अवघा ६४ × ६४ अंतरांचा तक्ता खूप मोठा करूनही कड स्वच्छ राहते. तक्त्यातली प्रत्येक चौकट अक्षराच्या शिवेपासून आपण किती लांब आहोत ते सांगते, आणि चिन्हावरून आपण आत आहोत की बाहेर तेही कळते. इंग्रजीत याला साइन्ड डिस्टन्स फील्ड म्हणतात.

हे का जमते, ते ‘ब’च्या उभ्या दांड्यावर पाहू. दांड्याची कड दोन शेजारच्या चौकटींच्या मध्ये कुठेतरी पडते. आतल्या चौकटीत अंतर +०.३ आहे, बाहेरच्या चौकटीत −०.७. चित्र मोठे करताना जीपीयू या दोन आकड्यांच्या मधल्या किमती सरळ प्रमाणात काढतो, आणि शून्य नेमके तीन दशांशावर येते, जिथे कड खरोखर आहे. सरळ कडेपासूनचे अंतर समप्रमाणात वाढते, म्हणून मधला अंदाज इथे अंदाज राहतच नाही, तो बिनचूक उत्तर असतो. शाईचे प्रमाण साठवले असते, तर त्याच दोन चौकटींमध्ये करडा पट्टा उमटला असता. रंगवण्याच्या वेळी शेडरला एवढेच करावे लागते (कडेची किंमत ०.५ धरली आहे):

```
float d = texture(sdf, uv).r;
float w = fwidth(d);
float a = smoothstep(0.5 - w, 0.5 + w, d);
```

`fwidth` हे पडद्यावरच्या एका पिक्सेलमध्ये अंतर किती बदलते ते सांगते. त्यामुळे नाव जवळ असो वा तिरके, कडेचा मऊ पट्टा पिक्सेल-दोन पिक्सेलचाच राहतो.

सरळ कडेचे हे बळ कोपऱ्यावर मात्र तुटते. कोपऱ्याजवळ अंतराला घडी पडते, आणि चार चौकटींतून काढलेली मधली किंमत ती घडी गुळगुळीत करून टाकते. काना जिथे संपतो ते चौकोनी टोक, शिरोरेषेचा डावा कोपरा, सगळे वितळल्यासारखे गोल दिसू लागते. ग्रीन यांनाही हे ठाऊक होते आणि दोन चॅनेल वापरण्याचा उपाय त्यांनी सुचवला होता. २०१५ मध्ये प्रागच्या विद्यार्थ्याने, व्हिक्टर क्लुम्स्की याने, आपल्या प्रबंधात तो पूर्णत्वाला नेला. लाल, हिरव्या आणि निळ्या चॅनेलमध्ये वेगवेगळ्या कडांची अंतरे ठेवायची आणि तिन्हींतली मधली किंमत घ्यायची. कोपरा पुन्हा कोपरा होतो.

इथपर्यंतच्या वाटचालीत प्रत्येकाने अक्षर हा सुटा ठसा धरला. रोमन लिपीत ते खपून जाते. वेबवरच्या नकाशांनी हीच पद्धत उचलली, तेव्हा अक्षरांचे तक्ते युनिकोड क्रमांकानुसार, २५६-२५६च्या गठ्ठ्यांत ठेवले गेले. ‘समर्थ’ या शब्दात क्रमांक पाच आहेत: स, म, र, हलन्त, थ. पडद्यावर हवी असलेली चिन्हे मात्र स, म, थ आणि त्या ‘थ’च्या डोक्यावरचा रफार. क्रमांकावरून थेट तक्ता उचलला की पाय मोडलेला ‘र’ आणि शेजारी सुटा ‘थ’ उभा राहतो. ‘जाफ्राबाद’मधला ‘फ्र’ही असाच फुटतो. कडा निर्मळ, कोपरे धारदार, आणि नाव चुकीचे. दोष कुठला ते यावरूनच ओळखावे: आकार वितळला असेल तर तक्ता अपुरा आहे, आकार नीट असून जागा चुकली असेल तर जुळणी झालेलीच नाही.

आमच्या लिपीचा दुसरा प्रश्न शिरोरेषेचा. नाव उपग्रहचित्रावर वाचता यावे म्हणून अक्षराभोवती पांढरी कड देतात. याच तक्त्यात उंबरठा थोडा बाहेर सरकवला की ती फुकटात मिळते. पण ‘स’ पूर्ण रंगवून मग ‘म’ रंगवला, तर ‘म’ची पांढरी कड ‘स’च्या शिरोरेषेचे टोक खाते आणि रेषेत फट दिसते. आधी सगळ्या अक्षरांच्या कडा आणि मग सगळ्यांची शाई, असा क्रम पाळला तरच शिरोरेषा अखंड राहते.

माझ्या मते जिल्ह्याच्या नकाशासाठी अक्षराऐवजी अख्ख्या नावाचाच एक तक्ता करावा. ब्राउझरचा कॅनव्हास देवनागरी नीट जुळवतो. त्यावर ‘जांब समर्थ’ एकसंध लिहायचे आणि त्या चित्रावरून अंतरे काढायची. रफार जागेवर येतो आणि शिरोरेषेचे सांधे उरतच नाहीत. १६० × ४८ चौकटींचा, एका चॅनेलचा तक्ता ७,६८० बाइटचा होतो. आठ तालुक्यांची नावे साठ किलोबाइटांत बसतात, हजार गावे धरली तरी पावणेआठ मेगाबाइटच्या आतबाहेर. माप मात्र आखडते घेऊ नये, कारण अनुस्वाराचा ठिपका दोन-तीन चौकटींहून लहान झाला, तर तो दबतो किंवा पार नाहीसा होतो. ‘अंबड’ आणि ‘मंठा’ लिहिताना हे परवडणारे नाही.

अख्ख्या नावाचा हा तक्ता नद्यांपाशी अडतो. दुधना किंवा पूर्णा हे नाव पात्राच्या वळणाने लिहायचे, तर ताठ पट्टी वाकत नाही, आणि अक्षरे सुटी फिरवली तर प्रत्येक सांध्यावर शिरोरेषेला कोन पडतो. तिथे पट्टीच्या खालची जाळी बारीक तुकड्यांची करून पात्राच्या वळणावर वाकवावी लागते. सौम्य वळणावर हे चांगले दिसते. वळण आवळत गेले, की अक्षरांची आतली बाजू दाबली जाते आणि बाहेरची ताणली जाते. तिथे नाव वाकवण्यापेक्षा पात्राचा सरळ टप्पा शोधून त्यावर ठेवणे चांगले.