गिऱ्हाइकाच्या नावाची साक्ष

नजीकच्या भविष्यातील नागपुरात, मे महिन्याच्या एका दुपारी, पारा पंचेचाळीस अंशांवर चढलेला असताना, डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून धरमपेठेतल्या कडुनिंबाखाली टेकलेला एक डिलिव्हरीवाला तरुण मी कल्पितो. इतवारीपर्यंतची ऑर्डर त्याने उन्हामुळे नुकतीच नाकारली आहे, आणि त्यानंतर कोणाच्याही दारी तो गेला नसताना मोबाइलवरचे त्याचे रेटिंग त्याच्या डोळ्यांदेखत उतरले आहे. मागचे एखादे गिऱ्हाईक उशिरा तारे देत असेल, अशी शंका घेऊन तो वहीत नोंद ठेवू लागतो. तेव्हा प्रत्येक नकारामागोमाग तीच घसरण त्याला आढळते.

मग तो २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाच्या कलम ११ अन्वये कंपनीकडे अर्ज करतो. त्या कलमाने आपल्या माहितीचा व तिच्यावरील प्रक्रियेचा गोषवारा मिळतो. निर्णयाची कारणमीमांसा मागण्याचा हक्क मात्र मिळत नाही. तरी गोषवारा पुरेसा बोलका निघतो. चाळीस गिऱ्हाइकांपैकी छत्तीस जणांनी पाच, दोघांनी चार आणि दोघांनी एक तारा दिलेला, म्हणजे सरासरी ४.७५, पण चार नाकारलेल्या ऑर्डरी प्रत्येकी एका ताऱ्याच्या म्हणून खतावल्या गेल्याने ती ४.४१ वर येते, आणि संध्याकाळच्या चांगल्या पाळीसाठी किमान ४.५ लागतात! दारातच पाण्याचा तांब्या पुढे करून ‘पाच दिले बरं, बापा’ म्हणणाऱ्या आजीची साक्ष त्या चार बनावट साक्षींखाली दबून गेलेली असते.

नकाराचा हिशेब ठेवूच नये, असे माझे म्हणणे नाही. ज्याला काम वाटायचे त्याने तो खुशाल ठेवावा, पण ‘नकार’ या सदराखाली आणि कारणासह ठेवावा. इटलीतील बोलोन्याच्या न्यायालयाने ३१ डिसेंबर २०२० रोजी डिलिव्हरू कंपनीची क्रमवारी भेदभावकारक ठरवली, ती याच मुद्द्यावर: आजारपणाने वा संपामुळे न आलेला आणि बेफिकिरीने न आलेला यांत ती फरकच करीत नव्हती. नागपूरच्या उन्हातला नकार त्याच जातीचा आहे. माझ्या मते मात्र त्याहून गंभीर गोष्ट ही, की येथे मालकाची नाराजी गिऱ्हाइकाच्या मुखी घातली जाते. त्यामुळे दाद मागावी तर कोणाकडे, हेच त्या तरुणाला उमगत नाही, आणि तो निमूटपणे स्वतःच्याच वागण्यात खोट शोधत बसतो.

कर्नाटकाच्या २०२५ च्या गिग कामगार कायद्याने रेटिंगचे निकष कामगाराला कळवण्याचे बंधन कंपन्यांवर घातले आहे. महाराष्ट्राच्या कायद्यात तेवढे तर हवेच, शिवाय गिऱ्हाइकाचे तारे आणि कंपनीची नोंद हे दोन रकाने वेगळे दाखवण्याची सक्तीही हवी; आणि ही मागणी तारे देणाऱ्या आपण गिऱ्हाइकांनीही केली पाहिजे, कारण खोटी सही आपल्या नावाची होते आहे.