दोन मिलिबारमधलं अंतर

दुपारची वेळ घ्या. दिल्लीत जूनची लू वाहते आहे, खिडक्या बंद आहेत. लोदी रोडवरच्या मौसम भवनातून निघालेला सकाळी साडेआठचा भूपृष्ठ नकाशा समोर ठेवा. हवामान खात्याचं मुख्यालय 1944 मध्ये दिल्लीत आलं. उत्तर हिंदी महासागरातल्या जहाजांसाठीची सागरी हवामानवार्ता आजही इथूनच निघते. किनाऱ्यापासून हजार किलोमीटर आत बसलेल्या शहरातून ही वार्ता जावी याची गंमत वाटते, पण नकाशा बघाल तर ते तितकं विचित्र राहत नाही.

आधी आकड्यांकडे वळू नका. नजर नुसती फिरू द्या. पाकिस्तान आणि राजस्थानच्या बाजूला रेषांचं एक वेटोळं आहे, मधोमध 996 च्या आसपासचा आकडा. ती तापलेल्या जमिनीवरची हलकी झालेली हवा. तुमच्या खिडकीबाहेरची लू त्याच वेटोळ्याच्या काठावरची. आता बोट हळूहळू दक्षिणेकडे न्या. एकेक रेषा ओलांडताना दाब दोन दोन मिलिबारने चढतो, केरळच्या समोर तो 1008 च्या वर गेलेला असतो. अरबी समुद्रावरचा मोसमी वारा या चढावर वाहतो. म्हणजे दिल्लीकडचा उन्हाळा आणि रत्नागिरीसमोरची उसळती लाट एकाच कागदावर, एकाच उतारावर आहेत.

उतार हा शब्द इथे अगदी नेमका बसतो. सह्याद्रीच्या नकाशावर उंचीच्या रेषा एकमेकींना भिडल्या की तिथे कडा असतो हे आपण जाणतो. समदाब रेषा दाटल्या की दाबाचा कडा, आणि वारा जोराचा.

पण वारा कड्यावरून सरळ खाली कोसळत नाही. पृथ्वीच्या फिरण्यामुळे तो वळतो आणि जवळजवळ रेषांना समांतर वाहू लागतो. वाऱ्याकडे पाठ करून मनात उभे राहा. उत्तर गोलार्धात कमी दाब तुमच्या डाव्या हाताला असेल. मुंबईसमोर पश्चिमेचा वारा असताना तोंड पूर्वेला, डावा हात उत्तरेला, तिकडेच ते वेटोळं. पाण्याच्या घर्षणामुळे वारा थोडा कमी दाबाकडे तिरपा होतो, एवढंच.

आता जरा मोजू. मुंबईसमोर, 19 अंश उत्तरेवर, 1004 आणि 1006 च्या रेषा शोधा. डिव्हायडरची टोकं दोन्हींवर ठेवा आणि ते उघडं अंतर कडेच्या अक्षांशाच्या पट्टीवर न्या, तेही 19 अंशांच्या शेजारीच. रेखांशाच्या पट्टीवर कधीही नाही. अक्षांशाचा एक अंश म्हणजे 60 सागरी मैल. समजा अंतर दोन अंश भरलं, म्हणजे 120 मैल. हिशेबाने वारा साधारण 32 नॉट निघतो. घर्षणापोटी तिसरा हिस्सा वजा करा, डेकवर वीस-बावीस नॉट लागतील.

इथे थोडं थांबा, कारण फसायची जागा हीच आहे. हेच अंतर, हेच दोन मिलिबार बिस्केच्या उपसागरात, 45 अंशांवर असते, तर हिशेबाचा वारा 15 नॉटच निघाला असता. विषुववृत्ताकडे जावं तसं वळवणारं बल क्षीण होतं, आणि तेवढाच उतार जास्त वारा देतो.  युरोपच्या समुद्रांना सरावलेली नजर आपला सौम्य उतार बघून निश्चिंत झाली तर ती चुकतेच. विषुववृत्ताच्या पाचेक अंशांच्या आत मात्र हा हिशेब सोडूनच द्यायचा. चक्रीवादळाभोवतीच्या वाकलेल्या रेषांवरही तो वारा फुगवून सांगतो.

त्रिकोणांची आणि अर्धवर्तुळांची रेष, म्हणजे फ्रंट, या नकाशावर शोधू नका. थंड आणि उबदार हवेची अशी धार पावसाळ्यात अरबी समुद्रावर नसते. जानेवारीत पश्चिमी विक्षोभ दिल्लीला पाऊस देऊन जातात, तेव्हा उत्तर अरबी समुद्रात कधीकधी तिचं शेपूट लागतं. ते ओळखायचं समदाब रेषांच्या मोडीवरून: फ्रंटपाशी रेषा एकदम टोकदार वाकते, आणि जहाजावर दक्षिणेचा वारा थोड्याच वेळात वायव्येचा होतो.

शेवटी नकाशावरून नजर उचला, आणि जहाजावर असाल तर बॅरोमीटरकडे बघा. समुद्रावर निरीक्षणं मोजकी, त्यात नकाशा हाती येईतो काही तासांनी शिळा झालेला. दुपारी चारला काटा सकाळी दहापेक्षा दोन-तीन मिलिबार खाली असेल, पण आपल्याकडच्या समुद्रात हा चढउतार रोजचाच. म्हणून त्या वेळेचा नेहमीचा आकडा घ्या आणि त्याच्याशी ताडून पाहा. त्याहून तीन मिलिबार खाली असेल तर नवा नकाशा मागवा. पाच असेल तर नकाशाची वाट न बघता कॅप्टनला उठवा.