छेदातले शून्य

करंट रेशो, क्विक रेशो आणि डेट-इक्विटी रेशो म्हणजे शेवटी एकेक भागाकार. अंशात काय घ्यायचे आणि छेदात काय, एवढे ठरले की उरते ते शाळकरी गणित. ताळेबंदाची शीट करणारे म्हणूनच सगळा वेळ ओळी निवडण्यात घालवतात. भागाकार अडला आणि #DIV/0! उमटले की त्याभोवती IFERROR गुंडाळतात आणि त्या जागी शून्य बसवून मोकळे होतात. शीट स्वच्छ दिसते. मला मात्र ते बसवलेले शून्य अख्ख्या शीटमधला सर्वांत धोक्याचा आकडा वाटतो. का, ते सांगण्यासाठी आधी एक धडधाकट ताळेबंद समोर घेऊ.

समजा एक लहानशी फाउंड्री आहे, खासगी मर्यादित कंपनी. आकडे कल्पित आहेत आणि सगळे लाखांत. भागभांडवल ४०, राखीव निधी व शिल्लक ८०. दीर्घ मुदतीचे कर्ज ९०, अल्प मुदतीचे ११०. मालाच्या पुरवठादारांची देणी ७०, इतर चालू देणी १२, तरतुदी ८. दुसऱ्या बाजूला यंत्रे-इमारत आणि लांब मुदतीच्या ठेवी मिळून १५०, मालाचा साठा १२०, गिऱ्हाइकांकडून येणे १०५, रोकड व बँकेतली शिल्लक १०, दिलेल्या उचली २०, आणि आगाऊ भरलेला विमा ५. दोन्ही बाजू ४१० वर जुळतात.

चालू मालमत्ता २६०, चालू देणी २००, म्हणून करंट रेशो १.३०. बँकेच्या माणसाच्या डोक्यात इथे १.३३ हा आकडा असतो. रिझर्व्ह बँकेने १९७४ मध्ये प्रकाश टंडन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या दुसऱ्या पद्धतीतून तो आला. चालू मालमत्तेचा निदान चौथा हिस्सा दीर्घ मुदतीच्या पैशातून उभा राहिला पाहिजे, असे ती पद्धत सांगते. म्हणजे चालू देणी तीन चतुर्थांशांच्या वर जाता कामा नयेत, आणि ४ भागिले ३ म्हणजे १.३३. आपल्या फाउंड्रीला ६५ लाख हवे होते, आहेत ६०. पाच लाखांनी घोडे अडले.

क्विक रेशोत साठा वगळायचा हे सर्वांना ठाऊक असते. २६० मधून १२० गेले, १४० उरले, उत्तर ०.७०. पण विम्याचे ५ लाख रोकड होऊन परत येणार नाहीत, आणि उचलींपैकी समजा १२ लाख भंगार-लोखंडाच्या पुरवठादाराला दिलेले असतील, तर तेही माल होऊनच येतील. ते काढले की १२३ भागिले २००, म्हणजे ०.६२. ताळेबंदाच्या दर्शनी पानावर ही फोड नसते, ती टिपणांत शोधावी लागते. कंपनी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात २०२१ च्या दुरुस्तीने जी प्रमाणे जाहीर करणे बंधनकारक झाले, त्यांत करंट रेशो आणि डेट-इक्विटी रेशो आहेत, क्विक रेशो नाही. त्यामुळे तो ज्याचा त्याने काढायचा, आणि तुलना करताना समोरच्याने काय वगळले ते विचारायचे.

डेट-इक्विटीत अंशाला ९० आणि ११० असे २०० घेतले, छेदाला १२०, उत्तर १.६७. अल्प मुदतीच्या ११० मध्ये ८० कॅश क्रेडिटचे आणि ३० मुदतकर्जाच्या येत्या वर्षात भरायच्या हप्त्यांचे आहेत. त्याच दुरुस्तीनंतर हे हप्ते अल्प मुदतीच्या कर्जाखाली येऊ लागले. त्याआधी ते ‘इतर चालू देणी’त दडलेले असत. जुने आणि नवे वर्ष शेजारी लावणाऱ्याने हे ध्यानात ठेवले नाही, तर एकाही रुपयाचे नवे कर्ज न घेता प्रमाण वाढलेले दिसते.

इथवर छेद निरोगी होता. आता तो शून्य करून पाहू.

नुकतीच नोंदलेली कंपनी घ्या. भांडवल बँकेत जमा आहे, कुणाचे काही देणे नाही, ऑडिट फीची तरतूदही अजून व्हायची आहे. करंट रेशोचा छेद शून्य. IFERROR ने उत्तरही शून्य लिहिले. पण करंट रेशो शून्य असणे म्हणजे देणी आहेत आणि ती भागवायला दमडी नाही. जिच्यावर देणेच नाही तिला आपण दिवाळखोराच्या ओळीत बसवले. आता दुसरी कंपनी घ्या. भांडवल ४०, साचलेला तोटाही नेमका ४०, कर्ज २००. डेट-इक्विटीचा छेद शून्य, IFERROR चे उत्तर पुन्हा शून्य. डेट-इक्विटी शून्य म्हणजे मात्र कर्जमुक्त कंपनी! जिची स्वतःची पुंजी संपली तिला आपण सर्वांत सुरक्षित ठरवले. तेच शून्य एका स्तंभात बदनामी करते आणि शेजारच्या स्तंभात शिफारस.

अडचण अशी की या प्रमाणांत शून्य हे खरेखुरे उत्तरही असू शकते. ज्या कंपनीवर कर्ज नाही आणि पुंजी १२० आहे, तिचा डेट-इक्विटी रेशो शून्यच आहे आणि तो तसाच छापला पाहिजे. म्हणून अडलेल्या भागाकाराच्या जागी जे लिहायचे ते असे हवे, की खऱ्या उत्तरांत कधीही सापडणार नाही. कुठलाही आकडा या कसोटीला उतरत नाही. ९९९ सुद्धा नाही, कारण तो सरासरीत मिसळतो. तिथे शब्द हवेत.

शब्द घातले की एक नवीच गंमत होते. एक्सेलमध्ये तुलना करताना मजकूर कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा धरला जातो. पुढच्या रकान्यात ‘१.३३ किंवा जास्त असेल तर ठीक’ असे सूत्र असेल, तर ‘देणे नाही’ हा मजकूरही ठीक ठरतो, आणि "" अशी रिकामी मजकूर-खूणसुद्धा. म्हणून निकाल देणाऱ्या सूत्राने आधी ISNUMBER ने विचारावे की समोर आकडा आहे ना, आणि नसेल तर ती ओळ माणसाकडे पाठवावी.

शून्याचा आणखी एक जुळा भाऊ आहे, तो म्हणजे न भरलेला रकाना. देणी नसणे आणि देणी टाइप करायची राहणे या दोन वेगळ्या गोष्टी, पण SUM ला त्या सारख्याच. रिकामा रकाना ती सोडून देते, आणि मजकूर म्हणून बसलेला आकडाही. पीडीएफमधून चिकटवलेला आकडा मागे एखादी अदृश्य जागा घेऊन येतो आणि बघता बघता मजकूर होतो. रकान्यात तो डावीकडे चिकटलेला दिसला तर संशय घ्यावा. अशाने चूक कुठेच उमटत नाही. फाउंड्रीची ७० लाखांची देणी अशी गळली, तर छेद १३० होतो आणि करंट रेशो थेट २.०० दिसतो. भागाकार सुरक्षित, उत्तर खोटे. यावर जुनाच उपाय आहे, दोन्ही बाजूंचा ताळा. ७० गळले की एक बाजू ३४० होते आणि ताळा बोंब मारतो.

पण ताळ्याच्याही हातून एक गोष्ट निसटते. कॅश क्रेडिटचे ८० लाख देण्यांत न दाखवता कुणी बँक शिलकीतून वजा केले, तर दोन्ही बाजू ३३० वर गोडीगुलाबीने जुळतात. करंट रेशो मात्र १८० भागिले १२०, म्हणजे १.५० होतो. मालमत्तेच्या कुठल्याही ओळीत उणे चिन्ह दिसले, तर भागाकाराआधी त्या ओळीपाशी थांबावे.

हे सगळे धरून सूत्र असे होते. B3 आणि B4 मध्ये भांडवल व राखीव निधी, B5 मध्ये दीर्घ कर्ज, B6 ते B9 चालू देणी, B13 ते B17 चालू मालमत्ता:

```
=IF(COUNT(B6:B9,B13:B17)<9,"आकडा अपुरा",
 IF(SUM(B6:B9)=0,"देणे नाही",
 SUM(B13:B17)/SUM(B6:B9)))

=IF(COUNT(B3:B6)<4,"आकडा अपुरा",
 IF(SUM(B3:B4)<=0,"पुंजी उरली नाही",
 SUM(B5:B6)/SUM(B3:B4)))
```

COUNT फक्त खरे आकडे मोजते, त्यामुळे नऊ रकान्यांत नऊ आकडे नसतील तर पुढचे काही होतच नाही. ज्याला खरोखर शून्य म्हणायचे आहे त्याने 0 टाइप करावे. तेवढा त्रास द्यायलाच हवा.

दुसऱ्या सूत्रात बरोबरीच्या जागी <= आहे, आणि माझ्या मते मुख्य मुद्दा तोच. छेद शून्य झाला की निदान एक्सेल ओरडते. छेद उणे झाला की ते गप्प बसते. फाउंड्री तोट्यात गेली आणि कर्ज २०० वरच राहिले असे धरा. पुंजी १२० वरून १० वर आली की प्रमाण २०, २ वर आली की १००. आणखी तोटा होऊन ती उणे १० झाली की प्रमाण उणे २०. आता ‘२ पेक्षा कमी असेल तर हिरवा’ हा नियम लावा. २० ला लाल, १०० ला लाल, आणि पुंजी धुऊन निघाली त्या वर्षी हिरवा. चढत्या क्रमाने लावलेल्या यादीत तर ही कंपनी कर्जमुक्तांच्याही वर जाऊन बसते.

उणे पुंजी दरवेळी एकाच कारणाने येते असेही नाही. व्होडाफोन आयडियाची पुंजी मार्च २०२१ अखेर उणे होती, ती मुख्यतः साचलेल्या तोट्यांनी. अमेरिकेतल्या मॅकडोनाल्डची २०१६ पासून उणे आहे, पण ती कंपनी नफ्यात आहे; तिने स्वतःचेच शेअर एवढे विकत घेतले की पुस्तकातली पुंजी उणे झाली. दोघींच्या डेट-इक्विटीत उणे आकडा येईल आणि त्यावरून दोघींतला फरक कळणार नाही. तिथे कर्जाची तुलना पुंजीशी न करता वर्षाच्या कमाईशी करावी लागते.

२०२१ च्या त्याच दुरुस्तीने आणखी एक भागाकार मागे लावला आहे. प्रमाण गेल्या वर्षीपेक्षा २५ टक्क्यांहून जास्त बदलले तर कारण द्यावे लागते, आणि टक्केवारी काढताना छेदात येते गेल्या वर्षीचे प्रमाण. कर्जमुक्त कंपनीने पहिल्यांदा कर्ज काढले की हा छेद शून्य. गेल्या वर्षी पुंजी उणे होती तर त्या रकान्यात आकडाच नाही, शब्द आहेत. दोन्ही ठिकाणी IFERROR ने शून्य टक्के लिहिले, तर बदल झालाच नाही असे शीट म्हणेल आणि कारणाचा रकाना कोरा राहील.