होकार नेमका कशाला?

जरा सावकाश वाचा. समोर एक प्रश्नावली आहे असं समजा. पहिलं विधान साधारण असं: मुलांनी शिकायची सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे वडीलधाऱ्यांची आज्ञा पाळणं. पुढे सहा पर्याय आहेत, तीन सहमतीचे आणि तीन असहमतीचे. ‘सांगता येत नाही’ ही मधली जागा ठेवलेलीच नाही.

उत्तर देण्याची घाई नको. मन होकाराकडे कलतंय का, एवढंच पाहा. कलत असेल तर कशामुळे? विधान खरोखर पटलं म्हणून? की कोणी अदबीने काही विचारलं की ‘नाही’ म्हणणं जड जातं म्हणून? या दोन होकारांमागची माणसं वेगळी आहेत, पण कागदावर उमटणारी खूण एकच आहे. इथे थोडं थांबा.

अशी विधानं १९४०च्या दशकात बर्कले इथे अडोर्नो, फ्रेंकेल-ब्रुन्स्विक, लेव्हिन्सन आणि सॅनफर्ड यांनी रचली. लोकशाहीविरोधी, हुकूमशाहीला अनुकूल मनोवृत्ती मोजायची, हा हेतू. १९५०मध्ये त्यांचा ग्रंथ आला आणि ही ‘एफ श्रेणी’ गाजली. एफ म्हणजे फॅसिझम. तिची विश्वसनीयता सरासरी ०.९०च्या आसपास होती. एकाच्या जवळचा हा आकडा मनोवृत्तीच्या मापनात उत्तम मानला जातो. ज्याला एका विधानावर जास्त गुण, त्याला बहुधा इतरांवरही जास्त, असा त्याचा अर्थ.

आता मनात एक प्रश्न घोळू द्या. उत्तरं एकमेकांशी जुळतात, हे ठीक. पण ती कशामुळे जुळतात?

एफ श्रेणीतली विधानं एकाच दिशेची होती. सहमत झालात की गुण वाढले, प्रत्येक वेळी. मग कशालाही ‘हो’ म्हणायची सवय असलेला माणूस पहिल्या विधानाला होकार देईल, दहाव्याला देईल, शेवटच्यालाही देईल, आणि पुढच्या महिन्यात विचारलं तरी बहुधा देईल. त्याची सवय स्थिर आहे, म्हणून त्याचे गुणही स्थिर. म्हणजे जो दोष श्रेणीच्या सप्रमाणतेला पोखरत होता, तोच तिची विश्वसनीयता वाढवत होता. मला या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत अस्वस्थ करते. अविश्वसनीय माप निदान डळमळून आपला दोष दाखवतं. हे माप डळमळतच नव्हतं.

दोन माणसं कल्पनेत आणा. एक मनापासून अधिकारवादी, दुसरा नुसता होकार देणारा. एफ श्रेणीत गुण १ ते ७ असत, फक्त मधला ४ कोणत्याच पर्यायाला नव्हता. दोघांनीही चार विधानांना ६ दिले. बेरीज दोघांची २४. आता त्यातली दोन विधानं उलट अर्थाची करा. पहिला माणूस त्यांना विरोध करून २ देईल. उलट विधानाचे गुण आठातून वजा करून धरतात, म्हणून २चे पुन्हा ६ होतील आणि बेरीज २४च राहील. दुसरा मात्र उलट विधानांनाही ६ देईल. त्यांचे २ होतील आणि बेरीज १६वर येईल.

बर्नार्ड बास यांनी १९५५मध्ये एफ श्रेणीची उलट विधानं रचून असाच ताळा घेतला. मूळ आणि उलट उत्तरं जितकी परस्परविरोधी यायला हवीत तितकी आली नाहीत. कमी शिकलेल्यांचे एफ गुण जास्त येत. त्यातला किती भाग मनोवृत्तीचा आणि किती होकाराच्या सवयीचा, हा प्रश्नही मग टाळता येईना.

पण सगळा दोष लगेच होकाराच्या माथी मारू नका. उलट विधान लिहिणं अवघड असतं. ‘आज्ञापालन सर्वांत महत्त्वाचं’ याच्या उलट काय? ‘आज्ञापालन महत्त्वाचं नाही’? की ‘स्वतंत्र विचार सर्वांत महत्त्वाचा’? आज्ञापालन आणि स्वतंत्र विचार, दोन्ही मनापासून हवे असलेला बाप तुम्हाला माहीत असेल. त्याने दोन्हीकडे होकार दिला तर तो मान डोलावत नाही, त्याचं मतच तसं आहे. बास यांच्या निष्कर्षावर आक्षेप आले ते याच मुद्द्यावरून.

पुढे बॉब अल्टमायर यांनी अधिकारवाद मोजणारी आपली श्रेणी दोन्ही दिशांची विधानं समतोल ठेवून बांधली. तरी त्या १६कडे परत बघा. चार विधानांत त्या होकार देणाऱ्या माणसाची सरासरी ४, म्हणजे नेमकी मधली. तो आता तटस्थ दिसतो. तो तटस्थ नाही. त्याचं मत आपल्याला कळलेलंच नाही. त्याची होकाराची सवय ओळखायची तर बेरीज बाजूला ठेवून सुलट आणि उलट विधानांची त्याची उत्तरं शेजारीशेजारी मांडावी लागतात.