लिहावे की बोलावे?

पत्र लिहिणारा माणूस थोडासा भित्रा असतो, असे माझे अलीकडे मत होऊ लागले आहे. हे मत मी स्वतःवरूनच बनवले असल्यामुळे कोणी रागावण्याचे कारण नाही. पत्रात समोरच्याचे तोंड न पाहता आपले म्हणणे पुरे करता येते, मध्येच कोणी अडवीत नाही, आणि उद्या वाद झालाच तर ‘मी तेव्हाच लिहिले होते’ असे म्हणायला पुरावा शिल्लक राहतो. ही सोय पूर्वी पोस्टाच्या पत्रात होती. ई-मेलात ती अधिक आहे, कारण आपला राग निवण्याच्या आतच तो पोहोचलेला असतो. मात्र कोणती गोष्ट लिहावी आणि कोणती लिहिता लिहिता थांबून फोन उचलावा, हा प्रश्न केवळ सोयीचा नाही, हे मला गेल्या वर्षी घरच्याच एका प्रकरणाने शिकविले.

आमची आई वाईला वडिलांच्या जुन्या घरात एकटी राहते. वय ८१. गेल्या पावसाळ्यात ती न्हाणीघरात घसरली. हाड मोडले नाही, पण आमची झोप मोडली. मी पुण्यात, बहीण नागपुरात, धाकटा भाऊ अमेरिकेत न्यू जर्सीला. थोरला म्हणून मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि दोघांना एक मुद्देसूद ई-मेल धाडला. रात्रंदिवस सोबतीला एक बाई ठेवावी, न्हाणीघरात धरायला दांड्या बसवाव्यात, खर्चाचे तीन वाटे करावेत. आणि शेवटी एक साधे वाक्य होते : ‘त्यासाठी घर मोकळे करावे लागेल.’

भावाचे उत्तर आले : ‘ठीक आहे. तुला योग्य वाटेल तसे कर.’

मला वाटले, याने हात झटकले. मी दुप्पट लांबीचे उत्तर लिहिले. त्याने माझी वाक्ये सुटी करून एकेकाखाली जबाब दिला. ‘एवढी घाई कशाला?’ असे त्याने विचारले, तर ‘आई पुन्हा पडली म्हणजे?’ असे मी विचारले. मग मी Cc च्या रकान्यात काकांचे नाव घातले. ९ दिवसांत १४ ई-मेल झाले. ‘प्रिय दादा’चे नुसते ‘दादा’ झाले, आणि पुढे तेही गेले.

अखेर बहिणीने मला फोन केला. “दादा, तुम्ही दोघं एकमेकांना लिहिताय की कोर्टाला? त्याला फोन का नाही करत तू?”

शनिवारी सकाळी ७ वाजता मी फोन केला. तिकडे शुक्रवारची रात्र, साडेनऊ. पहिली दोन मिनिटे हवापाण्यात गेली. मग तो एकदम म्हणाला, “बाबांचं घर विकायचं तू ठरवलंच आहेस, तर मला विचारतोस कशाला?”

“विकायचं? मी विकायचं म्हटलं कधी?”

“घर मोकळं करायचं, असं लिहिलंस की!”

मला माडीवरची अडगळ काढून बाईला खोली करून द्यायची होती. त्याने ऐकले होते वडिलांचे घर विकणे. ‘घाई कशाला’ हे त्याचे विक्रीबद्दल होते. मी उत्तर देत होतो सोबतीबद्दल. आणि ‘तुला योग्य वाटेल तसे कर’ यात झटकणे नव्हते. परदेशात बसलेल्याने ‘विकू नकोस’ कोणत्या तोंडाने म्हणावे, हा त्याचा संकोच होता. १४ ई-मेलांत ‘विकणे’ हा शब्द एकदाही आला नव्हता. कोणी खोटे बोलले नव्हते. प्रत्येकाने न विचारलेल्या प्रश्नाला खरे उत्तर दिले होते.

रिचर्ड डाफ्ट आणि रॉबर्ट लेंगेल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९८६ साली कचेऱ्यांतल्या कामकाजाविषयी लिहिताना एक भेद सांगितला आहे, तो मला आता घरातही उपयोगी पडतो. अडचणी दोन जातींच्या असतात. एकीत माहिती कमी असते : बाईचा पगार किती, दांड्या कुठे मिळतात. तिथे लिहावे; लिखाणच उत्तम. दुसरीत माहिती पुरेशी असते, पण तिचे अर्थ दोन असतात. तिथे आणखी लिहिल्याने गुंता सुटत नाही, कारण प्रत्येक नवे वाक्यही आपापल्या अर्थानेच वाचले जाते. तिथे ताबडतोब ‘म्हणजे काय?’ असे विचारता आले पाहिजे.

शिवाय आपण लिहिताना आपल्या कानांत आपला आवाज वाजत असतो. वाचणाऱ्याला तो ऐकू येत नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही वाक्ये मनापासून, तर काही उपरोधाने पाठवायला सांगितली. आपला सूर शंभरांत सुमारे ७८ वेळा ओळखला जाईल, असे पाठविणाऱ्यांना वाटले. आवाजातून तो ७३ वेळा ओळखला गेला. ई-मेलातून अवघा ५६ वेळा. नाणे उडवूनही ५० आले असते!

तेव्हा मी आता दोन खुणा पाहतो. उत्तरे आखूड होण्याऐवजी लांबत चालली, की समजावे, विषय माहितीचा उरला नाही. आणि पत्रात नवे नाव घालावेसे वाटले, की समजावे, आपल्याला उत्तर नको आहे, साक्षीदार हवा आहे. त्या क्षणी लिहिणे थांबवावे.

पण फोन नेहमीच उदार असतो असेही नाही. आवाजाच्या जोरावर दुसऱ्याला गप्प बसविणारी माणसे असतात. त्यांच्यापुढे हाताखालच्या माणसाला, धाकट्याला लिखाण हाच आधार असतो. कोणी मागे खूण राहू नये म्हणूनच फोन करतो. म्हणून बोलण्याआधी दोन ओळी लिहाव्यात. नुसते ‘बोलायचे आहे’ लिहिले तर समोरच्याच्या पोटात गोळा येतो. ‘आईच्या सोबतीबद्दल अर्धा तास बोलू, तुझी वेळ सांग’ असे लिहावे. आणि बोलणे झाल्यावर त्याच दिवशी चार ओळी पाठवाव्यात : काय ठरले, कोण करणार, किती रुपये. गुंता बोलून सोडवावा. सुटलेला धागा लिहून ठेवावा.

एवढे शहाणपण गोळा करून आम्ही तिघे खूश झालो. मग बहीण म्हणाली, “पण आईला कोणी विचारलं?”

त्या १४ ई-मेलांत आई कुठेच नव्हती. तिच्याजवळ ई-मेल नाही. फोनवर विचारावे, तर फोनवर ती नेहमी ठणठणीत असते. मी वाईला गेलो. चहा झाल्यावर सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, “ठीक आहे. तुम्हाला योग्य वाटेल तसं करा.”

तेच वाक्य! फोनवर ऐकले असते, तर आई तयार झाली असे दोघांना कळवून मोकळा झालो असतो. पण मी समोर बसलो होतो. ती माझ्याकडे पाहत नव्हती. माडीच्या जिन्याकडे पाहत होती, आणि पदराचे टोक बोटाला गुंडाळत होती.

“माडीवर काय आहे, आई?”

बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, “ह्यांची पुस्तकं आहेत. ती तेवढी हलवू नका.”

बाईला आम्ही खालची, अंगणाकडची खोली दिली. माडी आहे तशीच आहे. त्या रात्री मी भावाला आणि बहिणीला ई-मेल लिहिला. तो चारच ओळींचा होता.