आरती रामदासांची, रेकॉर्डिंग कुणाचे?

गणपतीत बोर्ली पंचतनची घरे चाकरमान्यांनी भरतात, आणि पडवीच्या कोपऱ्यात एखादा मुलगा फोनवर बीजीएमआय खेळत यूट्यूबवर लाइव्ह असतो. बाहेर स्पीकरवर आरती लागते, मग कोळीगीत, मग सिनेमाचे गाणे. खेळ संपतो तोवर व्हिडिओवर कॉपीराइटचा दावा आलेला असतो. ‘देवाच्या गाण्यालाही मालक?’ असे तो चिडून विचारतो. प्रश्न रास्त आहे, चिडणे नाही.

‘सुखकर्ता दुःखहर्ता’ सतराव्या शतकातल्या रामदासांची; ती आज सर्वांची. स्पीकरवर वाजते ते मात्र कुणी गायक-वादकांना बसवून, पैसे घालून केलेले ध्वनिमुद्रण. आपल्या १९५७च्या कायद्याने त्यावर प्रकाशनानंतर ६० वर्षे हक्क राहतो. जुन्या चालीच्या कोळीगीताच्या नव्या रेकॉर्डिंगलाही हेच लागू. धार्मिक विधीत आणि वरातीत गाणे वाजवायला कायद्याने सूट दिली आहे, पण तेच गाणे आपल्या चॅनेलवरून जगभर पाठवायला ती सूट पुरत नाही.

मग पळवाटा निघतात. दहा सेकंद चालतात म्हणे, वेग थोडा वाढवला की पकडत नाही म्हणे, खाली ‘श्रेय मूळ मालकाला’ लिहिले की झाले. असा दहा सेकंदांचा नियम कुठेच नाही. आणि मालकाचे नाव लिहून त्याची वस्तू उचलणे म्हणजे परवानगी नव्हे.

खरे काम आवाज कुठून आत येतो हे ओळखण्याचे आहे. वाटा तीन: खेळाचा आवाज, आपला माइक आणि सोबत्यांचा व्हॉइस चॅट. तिसरी वाट बहुतेक जण विसरतात. गाणे पुण्यातल्या सोबत्याच्या खोलीत वाजते आणि दावा बोर्लीतल्या व्हिडिओवर येतो. खासगी ठेवलेले दोन मिनिटांचे लाइव्ह करून एकेक वाट बंद करत ऐकावे. वायरच्या हेडसेटचा माइक तोंडाजवळ असला की बाहेरचे कमी येते, पण डीजे सुरू झाला तर माइक बंदच करावा. लाइव्ह चालू असताना इशारा आला आणि दुर्लक्ष केले, तर प्रक्षेपण मध्येच थांबू शकते.

नंतर आलेला दावा म्हणजे स्ट्राइक नव्हे. तेवढा भाग कापावा किंवा यूट्यूब स्टुडिओत ‘Erase song’ वापरावे. सहा तासांहून लांब व्हिडिओ मात्र तिथल्या एडिटरमध्ये संपादित होत नाही. स्ट्राइक मालकाच्या कायदेशीर तक्रारीवर येतो, आणि ९० दिवसांत तीन झाले की चॅनेल जाऊ शकते.

उलट, घरच्यांनीच टाळ-झांजा घेऊन म्हटलेल्या आरतीवर यूट्यूबच्या यंत्रणेने चुकून दावा लावला, तर गप्प बसू नये. गाणारे कोण, हे लिहून हरकत नोंदवावी. ज्याच्या नावाने दावा आला त्याने ३० दिवसांत उत्तर दिले नाही, की दावा आपोआप सुटतो.