दुसऱ्या प्रतीची मर्यादा

महत्त्वाच्या यंत्राशेजारी तसेच दुसरे यंत्र सज्ज ठेवले, की पहिले बंद पडल्यावर काम अडत नाही, हा अभियांत्रिकीतील जुना आणि रास्त संकेत आहे. मात्र दोन्ही यंत्रांत एकच सॉफ्टवेअर असेल, तर त्या सॉफ्टवेअरमधील चुकीपासून दुसरे यंत्र कोणतेही संरक्षण देत नाही. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून झेपावलेले एरियान ५ हे युरोपीय रॉकेट आपल्या पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले, ते याच कारणाने.

रॉकेटची दिशा आणि वेग मोजणाऱ्या संगणकाच्या दोन प्रती त्यात होत्या, आणि त्यांतील सॉफ्टवेअर बव्हंशी एरियान ४ वरून जसेच्या तसे घेतलेले होते. आडव्या वेगाशी निगडित एक संख्या ६४ बिटांच्या फ्लोटिंग-पॉइंट रूपातून १६ बिटांच्या पूर्णांकात बदलली जाई, ज्यात ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. एरियान ४ च्या मार्गावर ही मर्यादा ओलांडली जात नसे, म्हणून प्रोसेसरवरील भार आटोक्यात ठेवण्यासाठी त्या रूपांतराला तपासणी जोडलेली नव्हती. एरियान ५ चा आडवा वेग मात्र सुरुवातीलाच कितीतरी अधिक होता. संख्या मावेना, तेव्हा राखीव संगणक आधी थांबला, आणि ७२ मिलिसेकंदांच्या पुढच्याच आवर्तनात मुख्य संगणकही त्याच चुकीने थांबला. थांबताना त्याने पाठवलेली दोषनिदानाची माहिती उड्डाणाची माहिती समजून नियंत्रक संगणकाने इंजिनांची तोंडे पूर्ण वळवली, आणि रॉकेट हवेच्या दाबाने मोडले.

यावर असे म्हणता येईल, की दुसऱ्या संगणकासाठी वेगळ्या गटाकडून स्वतंत्र सॉफ्टवेअर लिहून घ्यावे. परंतु नाइट आणि लेव्हेसन यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकाच कामासाठी स्वतंत्रपणे लिहिलेले २७ प्रोग्राम तपासले असता, ते योगायोगाने घडावे त्यापेक्षा पुष्कळ अधिक वेळा एकाच ठिकाणी चुकले, कारण अवघड जागा सर्वांनाच अवघड जातात. शिवाय समान प्रतींचा बचावही खोटा नाही: तार तुटणे, चिप जळणे अशा यंत्रातील आकस्मिक बिघाडांत त्या खरोखर उपयोगी पडतात, आणि एरियानच्या रचनाकारांच्या डोळ्यांसमोर तेच बिघाड होते.

तेव्हा खरा प्रश्न प्रतींच्या संख्येचा नसून, चूक आढळल्यावर सॉफ्टवेअरने काय करावे याचा आहे. येथे 'थांबा' हा आदेशच घातक ठरला. झाक-लुई लिओन्स यांच्या चौकशी मंडळानेही, कोणत्याही संवेदकाने शक्य तितकी चांगली माहिती देणे बंद करू नये, अशी शिफारस केली. ती संख्या ज्या गणनेत वापरली जाई, ती उड्डाणापूर्वी उपकरणाची स्थिती जुळवण्यासाठी होती आणि एरियान ५ ला उड्डाणानंतर तिचा काही उपयोग नव्हता. त्यामुळे मर्यादा ओलांडताच ३२,७६७ हाच आकडा धरून संगणक चालू राहिला असता, तर रॉकेटच्या मार्गात काहीच फरक पडला नसता.